जिथून धरलं, तिथंच

संपादकांना पत्रं लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत कधीच बरं नव्हतं. रिकामटेकडी, निवृत्त आणि घरात कुणी ऐकून घेत नाही म्हणून अख्ख्या गावाला ऐकवणारी. गेल्या महिन्यात स्वतः कागद पुढे ओढून बसले तेव्हा ध्यानात आलं, या तिन्ही अटी मी तंतोतंत पूर्ण करते.

मी जनावरांची डॉक्टर. नगरपालिकेच्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रात बावीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी हार, नारळ न घेता घरी आले. हार मी नको म्हटलं होतं. घरी मी एकटी. दोन गल्ल्या पलीकडे माझी थोरली बहीण राहते, ताई. ती शिलाईकाम करते. तिच्या मशीनचा आवाज रस्त्यावरून जाताना ऐकू येतो, आणि गेली नऊ वर्षं मी तिचं तेवढंच ऐकते. ती माझ्याशी बोलत नाही.

तर झालं असं, की एका सोमवारी विजेचा मीटर वाचणारा माणूस ताईच्या गल्लीत शिरला आणि एका कुत्रीने त्याची पोटरी फोडली. मंगळवारी ते पहिल्या पानावर आलं. बुधवारी नगरपालिकेने जाहीर केलं, की पुढच्या गुरुवारच्या सभेत ठराव येणार: गावातली झाडून सगळी कुत्री उचलायची आणि गावाबाहेरच्या दगडाच्या जुन्या खाणीत नेऊन सोडायची. ठराव एकमताने मंजूर होईल, असंही त्याच बातमीत लिहिलं होतं. सभा आठ दिवसांनी, पण मत आधीच एक झालेलं.

माझं डोकंच फिरलं. खाणीत नेऊन सोडायचं म्हणजे काय, तर उपाशी मारायचं, फक्त आपल्या डोळ्यांआड. बरं, दयामाया बाजूला ठेवा. अक्कल तरी? कुत्री आभाळातून पडत नाहीत. जिथे खायला मिळतं तिथे ती राहतात. उघड्या कचराकुंड्या तशाच ठेवून गल्लीतली कुत्री उचलली, तर ती जागा दोन महिने रिकामी राहते, मग आजूबाजूची येतात. नवी, बुजलेली, लस न टोचलेली. जागेसाठी भांडतात, पिल्लं घालतात आणि वर्षभरात आकडा होता तिथेच येतो. हे मी दोन नगराध्यक्षांना तोंडाने आणि तिसऱ्याला फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं. तिसऱ्याने आकृती छान आहे म्हटलं.

म्हणून पत्र. बुधवारी दुपारी बसले ती दिवेलागणीला उठले. सोळाशे शब्द झाले. मोजणी कशी करायची, शस्त्रक्रिया कशी, लस किती जणांना, चावल्यावर काय. सगळं मुद्देसूद. पण लिहिता लिहिता शेवटून तिसऱ्या परिच्छेदात असं काही उतरलं, की ते मी नऊ वर्षांत कुणाशी बोलले नव्हते. खोडायला पेन उचललं आणि खोडलं नाही.

ते काय होतं ते सांगते.

ताई तिच्या गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालते आणि त्यांना शिवणाच्या डब्यातली नावं ठेवते. बटण, काज, रिबन. त्या काळी तिची लाडकी होती अस्तर. तपकिरी मादी, दोन वर्षांची. ताई जाईल तिथे तिच्या मागे चिकटून असायची म्हणून अस्तर. ताई मशीनवर बसली की ही पायडलजवळ. आमच्या गाडीने तिला नसबंदीसाठी धरलं, तेव्हा ताईनेच तिला गाडीपर्यंत आणून दिलं होतं. “तुझ्याकडेच येतेय ना, मग मला कसली काळजी,” म्हणाली होती. शस्त्रक्रिया मी केली. आतले टाके मी ताईच्याच गाठीने घालते. मी दहा वर्षांची असताना तिने मला ती गाठ शिकवली, बाहुलीच्या फ्रॉकवर. कॉलेजातले सर विचारायचे, ही गाठ कुणाची? मी म्हणायचे, बहिणीची.

केंद्रात आलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात नंबराची पट्टी बांधतात आणि त्या नंबरापुढे रजिस्टरात धरल्याची जागा लिहितात. पाचव्या दिवशी जखम सुकली, की जिथून धरलं तिथंच सोडायचं. सगळ्या कामाचा जीव त्या एका वाक्यात आहे. कुत्र्याला त्याची गल्ली म्हणजे घर, पाणी, सोबत, सगळं. परक्या गल्लीत ते जगण्याची खात्री नाही. अस्तरला सोडायच्या दिवशी पिंजऱ्यात दोन तपकिरी माद्या होत्या आणि दोघींनी मिळून एकमेकींच्या पट्ट्या चावून टाकल्या होत्या. एक ताईच्या गल्लीतली, एक बस डेपोजवळची. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती, टेबलावर तिसरं जनावर भुलीखाली. मी दारातूनच पाहिलं आणि म्हटलं, “ही डेपोची, ती गल्लीची.”

उलटं होतं.

संध्याकाळी ताईच्या फाटकाशी भलतीच कुत्री उतरली. ताईने फोन केला आणि ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “आठवड्यातून दोनदा येतेस माझ्याकडे. दोन वर्षं ती तुझ्या पायाशी बसलीये. आणि तुला ती ओळखता आली नाही?”

मी म्हटलं, “ताई, दिवसाला आठ-आठ बघते गं मी.”

“तेच,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. तो अजून ठेवलेलाच आहे.

एक्केचाळीस दिवस मी रोज संध्याकाळी काम संपल्यावर बस डेपोत जाऊन अस्तरला शोधलं. बसच्या खाली वाकून, कॅन्टीनच्या मागे, वर्कशॉपच्या पत्र्यांत. ती सापडली नाही.

तेव्हापासून रविवार माझ्या अंगावर येतो. आम्ही रविवारी तिच्या खिडकीशी बसायचो, ती तुरपाई करायची आणि मी तिला हाताखाली दोरे ओवून द्यायचे, कारण तिला जवळचं दिसत नाही आणि चष्मा लावायला ती ऐकत नाही. आता सुईत दोरा कोण ओवून देतं, हा प्रश्न मला रात्री नाही, भर दुपारी छळतो. जगात इतके प्रश्न असताना. मला ताई हवी होती, बस. बाकीचे सोळाशे शब्द खरे होतेच, पण खरं सांगायचं तर ते सगळे त्या एका परिच्छेदाच्या आडोशाने उभे होते, की तो परिच्छेद त्यांच्या आडोशाने, हे माझं मलाच कळेना.

शुक्रवारी सकाळी वर्तमानपत्रातून फोन आला. पत्रांचं पान बघणारी मुलगी होती, आवाजावरून फार तर पंचविशीतली.

“मॅडम, पत्र फार चांगलंय. पण अडीचशे शब्दांच्या वर मला जागा नाही. मी कापलंय, वाचून दाखवू?”

तिने वाचलं. कापलं होतं नेटकं. मोजणी होती, लस होती, खाण होती. फक्त तो परिच्छेद नव्हता.

“एक चूक झाली होती म्हणून लिहिलंय ना मी,” मी म्हटलं. “ते कुठंय?”

“ते जरा वैयक्तिक वाटलं. आणि मॅडम, तुमचाच मुद्दा कच्चा होतो त्याने. लोक म्हणतील, बघा, यांचीच माणसं चुका करतात.”

मुलगी हुशार होती. तिचं बरोबर होतं. गुरुवारच्या सभेत तेच वाक्य माझ्या तोंडावर मारलं जाणार होतं. अख्ख्या गावातली कुत्री एका पारड्यात आणि माझी ताई एका. मी फोन धरून उभी राहिले. ती बिचारी “हॅलो, हॅलो” करत राहिली.

“मोजणीचं सगळं कापा,” मी शेवटी म्हटलं. “ते मी नगरपालिकेच्या कार्यालयात नेऊन देते, त्यांना वाचायचं तर वाचतील. पण तो परिच्छेद राहू द्या. हे सगळं का करायचं ते त्या चुकीशिवाय कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.”

“नाव पूर्ण टाकू?”

“हुद्द्यासकट टाका.”

शनिवारी छापून आलं. ते असं:

*महोदय,*

*गावातली कुत्री खाणीत सोडण्याचा ठराव येत आहे. चाव्याची भीती खरी आहे आणि ती कमी व्हायला हवी. पण उचलून नेण्याने ती कमी होत नाही. रिकाम्या जागी नवी कुत्री येतात, आणि त्यांना लस टोचलेली नसते. रेबीज थांबतो तो गावातल्या शंभरातल्या निदान सत्तर कुत्र्यांना दर वर्षी लस दिली तर. नसबंदी केलेली, लस घेतलेली, खुणेसाठी डाव्या कानाचं टोक कापलेली कुत्री आपल्या गल्लीत राहिली, तर तीच नव्यांना येऊ देत नाहीत. ती आपली भिंत आहे. भिंत पाडून चोर थांबत नाहीत. कचराकुंड्यांना झाकणं लावा. पिल्लांजवळ गेलेल्यावर आई धावून जाते, हे मुलांना शाळेत शिकवा. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखान्यात जा, सगळ्या मात्रा पूर्ण करा. आणि चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. ते दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं. खाणीत सोडलेल्या कुत्र्याबद्दल काहीच कळत नाही.*

*यातली सर्वांत मोठी अट अशी, की कुत्रं जिथून धरलं तिथंच सोडायचं. नऊ वर्षांपूर्वी मी ही अट मोडली. गळ्यातली पट्टी तुटली होती आणि मी नीट न बघता सांगितलं. एका बाईंची कुत्री गावाच्या दुसऱ्या टोकाला सोडली गेली. ती मी पुष्कळ शोधली. सापडली नाही. त्यांनी ती माझ्या भरवशावर दिली होती. माफी मागायची राहून गेली, ती इथे मागते.*

खाली माझं नाव आणि ‘निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी’.

त्या दिवशी सतरा फोन आले. नऊ शिव्या देणारे, सहा माझ्या कुत्र्याला खाज सुटलीये काय लावू विचारणारे आणि दोन चुकीचे नंबर. ताईचा नाही. ती वर्तमानपत्र घेते हे मला माहीत होतं, कापडावर बेतायला लागतं तिला. म्हणजे माझी माफी कुठल्यातरी बाहीच्या आकाराची कापली गेली असावी. रविवारी मी मुद्दाम तिच्या गल्लीवरून गेले. मशीन बंद होतं. ते कधी बंद नसतं. मी भाजी आणायला निघाल्यासारखी पिशवी हलवत पुढे गेले आणि भाजी न घेता परत आले.

मंगळवारी सकाळी त्या पत्रांच्या पानावरच्या मुलीचा पुन्हा फोन. “मॅडम, आजचं पान बघितलंत? तुमच्या पत्रावर एक आलंय. मी एक शब्दही कापलेला नाही.”

*महोदय,*

*शनिवारच्या अंकात निवृत्त अधिकारीबाईंनी जिची कुत्री हरवली असं लिहिलं, ती मी. त्यांना एक गोष्ट ठाऊक नाही, ती लिहिते. त्या घटनेनंतर माझा या कामावरचा विश्वास उडाला. नगरपालिकेची गाडी आली, की मी गल्लीतली सगळी कुत्री मागच्या अंगणात घेऊन दार लावायची. गाडीवाल्यांना सांगायची, इथे एकही नाही. असं नऊ वर्षं केलं. आज माझ्या गल्लीत सात कुत्री आहेत आणि सहांचे कान अखंड आहेत. त्यांना नसबंदी नाही, लस नाही. ही माझी करणी आहे.*

*मीटर वाचणाऱ्या गृहस्थांना चावलेली कुत्री माझ्याकडे आहे. तिला चार पिल्लं आहेत, जिन्याखाली. ते वाकून मीटर बघायला गेले आणि ती धावली. ती पळून गेली, असं मी चौकशीला आलेल्यांना खोटं सांगितलं. ती आज, रविवारी, सहाव्या दिवशी नीट खाते-पिते आहे. दहा दिवसांचं मला माहीत नव्हतं. त्या गृहस्थांनी केव्हाही येऊन तिला बघावं. मी त्यांचीही क्षमा मागते.*

*अधिकारीबाईंनी पत्रात लिहिलं, की त्यांनी नीट बघितलं नाही. ते खरं आहे.*

शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. नऊ वर्षांनी ताई माझ्याशी बोलली होती, ती संपादकांमार्फत आणि ‘अधिकारीबाई’ म्हणून. तरी मला भरून आलं. माणूस उपाशी असला की शिळंही गोड लागतं, तसं काहीसं.

आणि त्याच वेळी हाडाची डॉक्टर जागी झाली. सहा कुत्री! नऊ वर्षं! बावीस वर्षं मी डोकं आपटत होते, की आमचे आकडे सत्तरवर का जात नाहीत, कोणत्या गल्ल्यांत गळती आहे. गळती माझ्या सख्ख्या बहिणीच्या अंगणात होती, आणि तिचं भोक मीच पाडलं होतं.

गुरुवारी सभेला गेले. प्रेक्षकांच्या बाकांवर बसायला जागा नव्हती. ठराव वाचला, एकाने ‘पत्रं लिहून कुत्री कमी होत नाहीत’ म्हटलं, हशा झाला, आणि अपेक्षेप्रमाणे दुसऱ्याने विचारलं, की ज्यांना कुत्री ओळखता येत नाहीत त्यांचं विज्ञान आम्ही का ऐकायचं. मी उठायच्या आत मागून कुणीतरी उठलं. पोटरीला बँडेज, खांद्याला बिलांची बॅग. मीटर रीडर.

“चावलंय मला,” तो म्हणाला, “तर मी बोलतो. तीन इंजेक्शनं झाली, दोन बाकी आहेत. जखमेत टोचलं ते वेगळं, त्याचं नाव काढू नका. मंगळवारपासून मी रोज त्या बाईंच्या अंगणात जाऊन जाळीतून त्या कुत्रीला बघतो. आज दहावा दिवस. आज सकाळी ती माझ्यावर अशी भुंकली, म्हणून सांगू! इतकं बरं वाटलं मला.” लोक हसले. तो हसला नाही. “तुम्ही तिला मंगळवारी खाणीत टाकली असती, तर मी कुणाकडे बघून झोपलो असतो? त्या बाईंनी लपवली, तेव्हा मी आठ दिवस झोपलो नव्हतो. या डॉक्टरबाईंनी आपली चूक छापली म्हणून त्या बाईंनी आपली छापली. तुमच्यापैकी कुणी छापलीये?”

ठराव मोडीत निघाला नाही. ठराव कधी मोडीत निघत नाहीत, ते पुढे ढकलतात. तीन महिन्यांसाठी ढकलला. तेवढ्यात केंद्राने गल्लीवार काम करून दाखवावं, झाकणाच्या कुंड्या बसवाव्यात, आणि सुरुवात त्या गल्लीपासून करावी. मला केंद्रात पट्ट्या आणि रजिस्टर सांभाळायला बोलावलं. नवा डॉक्टर तरुण आहे, हात हलका आहे. टाक्याची गाठ सैल घालतो. मी दाखवली त्याला. कुणाची ते विचारलं नाही त्याने.

गाडी ताईच्या फाटकाशी गेली तेव्हा मी पुढच्या सीटवर होते. ताई दारात उभी. केस सगळे पांढरे झालेत तिचे. लांबून रोज बघत होते, तरी ते कधी दिसलं नव्हतं. जाळीची गरजच पडली नाही. ती एकेकाला नावाने हाक मारत दोरीने घेऊन आली आणि पिंजऱ्यात बसवलं. पिल्लांची आई काज मात्र अंगणातच राहिली. दूध पाजणाऱ्या मादीवर शस्त्रक्रिया करत नाहीत. तिला लस टोचली, पिल्लं सुटी झाली की मग.

ताई माझ्याशी बोलली नाही. गाडीवरच्या माणसाला म्हणाली, “त्यांना सांगा, पाच आहेत. मोजून घ्या म्हणावं.”

मी त्याला म्हटलं, “त्यांना सांगा, मोजली.”

“त्यांना विचारा, परत कधी?”

“त्यांना सांगा, पाचव्या दिवशी सकाळी.”

तो माणूस एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघून म्हणाला, “मी जरा पाणी पिऊन येऊ का?”

पुढचे पाच दिवस मी पिंजऱ्यांसमोर स्टूल टाकून बसले. भुलीआधीचा उपास, मग शस्त्रक्रिया, मग कानाचं टोक, मग लस, हे सगळं मी हजारदा केलेलं. पण इतकी वर्षं मी पोट बघत होते, जखम बघत होते, तापमान बघत होते. कुत्रं बघत नव्हते. बटण खाताना उजवा पाय उचलतो. रिबनच्या शेपटीच्या टोकाला तीन पांढरे केस आहेत, चार नाही. टाका आणि टीप या बहिणी, पण टीप आधी तोंड पुढे करते आणि टाका आधी नजर. बॉबिन झोपेत जीभ बाहेर काढते. रजिस्टरात यातलं एकही लिहायला रकाना नाही. बघता बघता मला अस्तर आठवायला लागली. तिच्या डाव्या भुवईचा ठिपका उजव्यापेक्षा खाली होता. मला माहीत होतं. मला तेव्हाही माहीत होतं. मी फक्त दारातून बघितलं होतं.

पाचव्या दिवशी गाडी तिच्या फाटकाशी थांबली. मागचं दार उघडलं आणि मी रजिस्टर काढते तोवर ताई पुढे आली, हातात तिची कापडाची कात्री. काही कळायच्या आत तिने पाचही पट्ट्या कचाकच कापल्या आणि कनवटीला खोचल्या.

“सांग,” ती म्हणाली. थेट मला. “कोण कोण आहे?”

गाडीवरचा माणूस या वेळी पाणी प्यायला गेला नाही.

मी सांगितलं. रिबन, बॉबिन, बटण. टीप. “आणि टाका. ती आधी बघेल, मग येईल.” दार उघडलं. टाकाने आधी ताईकडे बघितलं, मग आली. ताईने मान हलवली.

“आणि ही?”

पायरीवर एक म्हातारी तपकिरी कुत्री बसली होती. तोंड पांढरं, डावा कान कापलेला. त्या सकाळपर्यंत गल्लीत तो एकच कापलेला कान होता. नऊ वर्षांपूर्वी अस्तरऐवजी जी उतरवली, तीच. ताईने तिलाही हाकललं नव्हतं.

“हिचं नाव नाही माहीत मला,” मी म्हटलं.

“ठिगळ. कुठून धरली होतीत तिला?”

“डेपोवरून.”

“रोज संध्याकाळी तिकडे तोंड करून बसते,” ताई म्हणाली. “नऊ वर्षं. मला वाटायचं, उन्हाकडे पाठ करते. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं मला. जिथून धरलं तिथंच. माझ्या दुःखात मी तिला कधी विचारलंच नाही गं, तुझं कोण होतं तिकडे.”

दोन कुत्र्या होत्या. मी कायम एकीचीच माफी मागत होते.

ताईने पायरीवरची दोरी उचलली. “चल. दाखवून आणू तिला.”

आम्ही तिघी निघालो. ठिगळ हळू चालते, ताईचे गुडघे दुखतात, मला दोघींपुढे जायची घाई आणि जायचं नव्हतंही. डेपोपर्यंत पाऊण तास लागला. वाटेत ताई एवढंच बोलली, की नव्या कुंड्यांची झाकणं वाजतात फार. फाटकाशी ठिगळ थांबली. नाक वर केलं. कॅन्टीनच्या मागे गेली, तिथे आता सायकलींचं शेड आहे. सगळीकडे हुंगलं. एका खांबापाशी बराच वेळ उभी राहिली. तिच्या ओळखीचं तिथे कुणी उरलं नव्हतं. नऊ वर्षं कुत्र्याला फार होतात.

“इथेच शोधलीस ना तिला?” ताई म्हणाली.

“हो.”

“एक्केचाळीस दिवस.”

मी तिच्याकडे बघितलं. हे मी पत्रातसुद्धा लिहिलं नव्हतं. “तुला कुणी सांगितलं?”

“वॉचमनने. मी सकाळी यायचे. तो म्हणायचा, डॉक्टर काल संध्याकाळीपण येऊन गेल्या.” तिने दोरी हाताला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. “तू यायची थांबलीस. मी पुढे महिनाभर येत होते.”

“मग एकदा संध्याकाळी यायचं ना, ताई.”

“यायचं होतं,” ती म्हणाली. “रोज वाटायचं. पण तू तिला शोधशील आणि घेऊन येशील, असं धरून बसले होते मी. तिला घेऊन दारात आली असतीस ना, तर काहीच विचारणार नव्हते.” मग, “तिच्याशिवाय आली असतीस तरी चाललं असतं. हे मात्र मला उशिरा कळलं.”

ठिगळ खांबापासून वळली. आमच्याजवळ येऊन उभी राहिली आणि आलो त्या रस्त्याकडे तिने तोंड केलं. दोरी ताणली गेली.

“चल बुटके,” ताई म्हणाली. लहानपणानंतर मला त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. “कालपासून सुईत दोरा जात नाहीये.”